आमच्या फास्ट चार्जिंग केबलवरील आकडे कसे वाचावेत

आमच्या प्रत्येक केबलच्या वर्णनात वॅट, लांबी, डेटाचा वेग आणि दोन्ही टोकांचे प्रकार स्वतंत्रपणे लिहिलेले असतात. यांपैकी वॅटच्या आकड्याबाबत ग्राहकांची सर्वाधिक फसगत होते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर.

वॅट म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी केबल 3 अँपिअरपर्यंत प्रवाह वाहून नेते, म्हणजे 20 व्होल्टला 60 वॅट. त्यापुढे 5 अँपिअर हवे असतील, तर केबलमध्ये ई-मार्कर नावाची लहान चिप असावी लागते. चार्जर आधी ही चिप वाचतो आणि ती सापडली नाही, तर वेष्टनावर काहीही छापलेले असले तरी 3 अँपिअरच्या पुढे जात नाही.

समजा, आपल्या लॅपटॉपला 100 वॅट लागतात, चार्जरही 100 वॅटचा आहे, पण ‘100 वॅट’ म्हणून घेतलेल्या केबलमध्ये चिपच नाही. अशा वेळी लॅपटॉपला 60 वॅटच मिळतात आणि जड काम सुरू असताना चार्जर जोडलेला असूनही बॅटरी उतरू शकते. चार्जर आणि केबल यांच्यामध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर 20 व्होल्ट दाखवत असेल, पण लॅपटॉपची मागणी जास्त असूनही अँपिअर 3 च्या वर जात नसतील, तर आधी केबलवर संशय घ्यावा. म्हणूनच आम्ही वॅटसोबत अँपिअर आणि चिप आहे की नाही, हेही लिहितो. मात्र हा आकडा केबलची कमाल मर्यादा सांगतो. 25 वॅट घेणारा फोन 100 वॅटच्या केबलवरही 25 वॅटच घेईल.

एका टोकाला जुने रुंद टाइप-ए असेल, तर सर्वसाधारण यूएसबी मानकानुसार केबलची मर्यादा 5 व्होल्ट आणि 3 अँपिअर, म्हणजे 15 वॅट असते. त्याहून जास्त वॅट काही कंपन्यांच्या स्वतःच्या पद्धतीनेच मिळतात, त्यामुळे ती पद्धत चालत असल्यास आम्ही तिचे नाव लिहितो, अन्यथा 15 च.

जास्त वॅटची केबल डेटाही वेगाने नेईल, असे मुळीच नाही. आमच्या चार्जिंग केबलपैकी बहुतेकींचा वेग 480 मेगाबिट प्रतिसेकंद, म्हणजे कागदावर 60 मेगाबाइट, आहे. प्रत्यक्षात सेकंदाला 40 मेगाबाइट मिळाले, तर 20 गिगाबाइटचे व्हिडिओ उतरवायला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. हे काम रोजचे असेल, तर 10 गिगाबिटची केबल घ्यावी. पण ती साधारण एक मीटरच्या आत असते, कारण लांबीबरोबर इतक्या वेगाचा संकेत क्षीण होत जातो. दोन मीटरच्या साध्या केबलवर ‘10 गिगाबिट’ लिहिलेले दिसल्यास विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल मागावा.

लांबी आम्ही टोकांच्या प्लगसह मोजतो.