चार आकडे आणि एकच डीकोडर, ही भानगड आली कुठून

भाचा डिप्लोमाला आहे, इथेच नागपुरात. मागच्या महिन्यात ब्रेडबोर्ड घेऊन घरी आला, त्यावर चार आकड्यांचा सेव्हन सेगमेंट डिस्प्ले, बाजूला सहा आयसी आणि वायरींचा पार गुंता. म्हणे, "मामा, चार डिजिटला चार 7447 लावले की काम संपलं ना, काऊन एवढी झंझट करायला लावतात हे लोक?"

7447 म्हणजे आकड्याच्या बिटांवरून कुठले सेगमेंट पेटवायचे ते ठरवणारा डीकोडर. प्रश्न एकदम बरोबर होता, मीच जरा अडकलो. मोजून बघा ना. चार 7447 लावले तर आयसी चारच, त्याच्यापुढे 28 रेझिस्टर, झालं. मल्टिप्लेक्सिंगने केलं, म्हणजे एकच डीकोडर चारही आकड्यांना आळीपाळीने वापरला, तर क्लॉकला 555, मोजायला 7493 काउंटर, आकडा निवडायला दोन 74153 मल्टिप्लेक्सर, एक 7447, कुठला डिजिट पेटवायचा ते ठरवायला 74139 डीकोडर, झाले सहा आयसी, वर चार ट्रान्झिस्टर वेगळे. रेझिस्टर तेवढे 28 चे 7 झाले. वीज वाचते म्हणावं तर तेही नाही, ते पुढे सांगतो. मग हे सर्किट आलं कशाला? ते आलं वेगळ्याच अडचणीतून आणि ती अडचण होती पायांची, म्हणजे पिनांची.

थोडं मागे जाऊ. रेघांचे तुकडे पेटवून आकडा दाखवायची कल्पना खूप जुनी आहे, 1908 मध्ये फ्रँक वूड नावाच्या माणसाने अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला होता, त्यात आठ तुकडे होते कारण 4 साठी त्याला एक तिरपी रेघ पण हवी होती. पण ती कल्पना बरीच वर्षं तशीच पडून राहिली. 1955 मध्ये बरोज कंपनीने निक्सी ट्यूब आणली, काचेच्या नळीत 0 ते 9 असे दहा तारेचे आकडे एकामागे एक उभे, ज्याला करंट द्याल तो नारिंगी चमकतो, पण त्याला 170-180 व्होल्ट लागायचे. मग 1962 मध्ये निक होलोन्यॅक यांनी लाल एलईडी बनवला, त्या दशकाच्या शेवटी एलईडीचे सेव्हन सेगमेंट आकडे विकायला आले आणि 5 व्होल्टवर आकडा पेटायला लागला.

इथपर्यंत कुणाला मल्टिप्लेक्सिंगची फार गरज नव्हती. मीटरमध्ये तीन-चार आकडे असायचे, प्रत्येकाच्या मागे आपापला डीकोडर, जागा भरपूर. खरी अडचण 1971 ला आली जेव्हा पूर्ण कॅल्क्युलेटर एका चिपमध्ये बसायला लागला. त्या वर्षी बिझीकॉमचा एलई-120ए आला, मॉसटेकच्या एकाच चिपवर चालणारा, लाल एलईडीचे 12 आकडे. आता 12 आकड्यांना सात-सात वायरी म्हणजे 84. त्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने जी कॅल्क्युलेटर चिप जाहीर केली तिला पाय होते फक्त 28, त्यातच सप्लाय, क्लॉक आणि कीबोर्ड पण. चिपच्या आत ट्रान्झिस्टर वाढवणं त्या मानाने स्वस्त होतं, बाहेर पाय वाढवणं महाग. मग यावर उपाय एकच, सगळ्या आकड्यांचे ए सेगमेंट एकत्र जोडा, सगळे बी एकत्र, असे सात, आणि प्रत्येक आकड्याची कॉमन पिन तेवढी वेगळी ठेवा. एका वेळी एकच आकडा पेटवा पण भराभर फिरवा. 84 चे झाले 12 अधिक 7, म्हणजे 19. शिवाय ज्या वायरी आकडे फिरवतात त्यांच्यावरच कीबोर्डची बटणं पण वाचता येतात, तिथेही पाय वाचले, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

डोळा फसतो हे तर लोकांना त्याच्याही आधीपासून माहीत होतं. 1830 च्या दशकात टॅलबट आणि प्लॅटो यांनी सांगून ठेवलंय की उजेड पुरेसा भराभर चालू-बंद झाला तर डोळ्याला सरासरी दिसते. म्हणजे सेगमेंटला 10 मिलिअँपिअर सतत दिले काय आणि चौथा हिस्सा वेळ 40 दिले काय, जवळपास सारखंच. यातच ते वीज वाचत नाही याचं उत्तर आहे. चारही डिजिटवर 8 असेल तर सरळ जोडणीत 28 सेगमेंट गुणिले 10, म्हणजे 280 मिलिअँपिअर. मल्टिप्लेक्सिंगमध्ये एका वेळी 7 सेगमेंट गुणिले 40, पुन्हा 280च. फक्त त्या काळच्या लाल एलईडीची एक खोड होती, जास्त करंटवर ते जरा जास्त कार्यक्षम व्हायचे, म्हणून तेवढ्याच सरासरीत ठोके दिले की उजेड थोडा जास्त मिळायचा. एचपीने 1972 च्या एचपी-35 मध्ये 15 आकडे बॅटरीवर चालवताना याचा पुरेपूर फायदा घेतला, तिथे तर एका वेळी एक सेगमेंट अशी पेटवापेटवी होती.

तर भाच्याच्या ब्रेडबोर्डवर जे होतं ते म्हणजे त्या कॅल्क्युलेटर चिपच्या पोटातला एक तुकडा, बाहेर काढून पसरून ठेवलेला. असं बघितलं की सहा आयसीचा राग येत नाही. काउंटर 00, 01, 10, 11 असं मोजतो, तेच दोन बिट एकीकडे मल्टिप्लेक्सरला जातात (आता कुठला आकडा उचलायचा) आणि दुसरीकडे 74139 ला (आता कुठला डिजिट पेटवायचा). दोघांना एकच काउंटर सांगतो म्हणून एककाचा आकडा एककाच्याच जागी पेटतो, सगळं गणित एवढंच.

आता त्याचा घोळ सांगतो. त्याने स्विचवर 4079 लावले होते आणि डिस्प्लेवर दिसत होतं 1, मग एक खालचा अर्धा सी, मग 2, मग 3. तो म्हणे डिस्प्ले खराब, दुसरा आणू का बर्डीवरून. मी म्हटलं थांब बे, कागद घे. 74153 मध्ये दोन मल्टिप्लेक्सर असतात, दोन आयसी म्हणजे चार. एक मल्टिप्लेक्सर एका बिटाचा असायला हवा, म्हणजे पहिल्याला चारही आकड्यांचा सगळ्यात खालचा बिट, दुसऱ्याला चारही आकड्यांचा दुसरा बिट, असं. याने केलं होतं एक मल्टिप्लेक्सर एका आकड्याचा. मग काउंटर 00 असताना 7447 ला 9 चे बिट मिळत नव्हते, चारही आकड्यांचे खालचे बिट मिळत होते: 9 चा 1, 7 चा 1, 0 चा 0, 4 चा 0, त्याचं झालं 3. पुढच्या खेपेला 2, त्यापुढे 10, आणि 7447 ला 10 दिलं की तो असाच अर्धा सी दाखवतो, शेवटी 1. आडव्या ओळी उभ्या झाल्या, बस. डिस्प्ले एकदम ठणठणीत होता.

वायरी बदलल्यावर 4079 आलं पण 9 ला खालची रेघ नाही. यावर पण त्याने 7447 बदलून पाहिला होता बिचाऱ्याने. 7447 चा 9 तसाच असतो, बिनशेपटीचा, 6 ला पण वरची रेघ नसते. शेपूट पाहिजे तर 74247.

उजेडाचा भाग वेगळा. त्याने मित्राचं बघून चारही कॉमन पिनवर एकेक रेझिस्टर लावला होता, सेगमेंटच्या वायरींवर काहीच नाही. त्यामुळे 7 चांगला झगझगीत आणि 0 मंद, कारण तीन सेगमेंटमध्ये वाटला जाणारा करंट 0 च्या वेळी सहा जणांत वाटला जातो. रेझिस्टर सेगमेंटच्याच बाजूला पाहिजेत, सात. किती ओहमचे? 5 व्होल्टमधून एलईडीचे 1.8, ट्रान्झिस्टरचे 0.3 आणि 7447 चे 0.4 वजा केले की उरतात 2.5, भागिले 40 मिलिअँपिअर, म्हणजे 62 च्या आसपास, 68 ओहम टाकले. 7447 एका पायाला 40 पर्यंतच झेलतो, त्यामुळे याच्यापेक्षा खाली जायचं नाही. पण कॉमनला 280 पर्यंत लागतात, ते 74139 च्या आवाक्यातलं काम नाही, म्हणून प्रत्येक डिजिटला एक एसके100 ट्रान्झिस्टर. आमच्या वेळेपासून हाच पीएनपी चालत आलाय.

क्लॉकचं मी त्याला मुद्दाम करून दाखवलं. 555 चा हिशेब:

```
f = 1.44 / ((R1 + 2*R2) * C)
```

R1 एक किलोओहम, R2 18 किलोओहम, C 0.1 मायक्रोफॅरड, येतात साधारण 390 हर्ट्झ. चार डिजिट आहेत म्हणून एका डिजिटची पाळी सेकंदाला 97 वेळा येते, आकडे स्थिर दिसतात. C च्या जागी 10 मायक्रोफॅरड लावला की सेकंदाला चार टिचक्या, 9, 7, 0, 4 एकेक करून चालत जाताना दिसतात, घरातले सगळे बघायला आले. मग उलटं केलं, C 0.001 लावला, झाले 39 किलोहर्ट्झ आणि आकड्यांच्या मागे शेजारच्या आकड्याची भुतं दिसायला लागली. कारण एसके100 लगेच बंद होत नाही, काही मायक्रोसेकंद रेंगाळतो. 390 हर्ट्झला एका डिजिटला अडीच हजार मायक्रोसेकंद मिळतात तेव्हा ते रेंगाळणं कुठल्याकुठे हरवतं, पण 39 किलोहर्ट्झला पाळीच 25 मायक्रोसेकंदांची असते. बेस आणि +5 च्या मध्ये एक किलोओहम टाकला तर भुतं बरीच कमी झाली. पण मुळात एवढं पळवायची गरजच नाही.

हा पसारा पुढे लोकांनी एका चिपमध्ये कोंबला. नॅशनल सेमीकंडक्टरची 74सी926 म्हणजे चार आकड्यांचा काउंटर, लॅच, मल्टिप्लेक्सर, डीकोडर सगळं आत, पाय 18, बाहेर फक्त सात रेझिस्टर आणि चार ट्रान्झिस्टर. तिचा ब्लॉक डायग्राम भाच्याच्या ब्रेडबोर्डशेजारी ठेवला तर चौकटी ओळखता येतात. त्यानंतर 8051 सारखे मायक्रोकंट्रोलर आले आणि काउंटर, मल्टिप्लेक्सर, डीकोडर तिन्ही प्रोग्रामच्या चार ओळीत गेले. गोकुळपेठ बाजारात संत्री तोलायचा काटा असतो ना लाल आकड्यांचा, त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून बघा, बऱ्याच काट्यांचे आकडे लुकलुकताना किंवा एखादा गायब दिसेल, म्हणजे आत हेच चाललंय. ऑटोच्या मीटरवर पण दिसलं असतं, पण नागपुरात ऑटोचं मीटर चालू कुणी पाहिलंय.

एक गोष्ट मात्र जुन्या सर्किटमधून नव्यात जशीच्या तशी आली. भाच्याने खेळता खेळता पॉवर चालू असताना 555 उपटला. काउंटर थांबला, एकच डिजिट पेटून राहिला आणि त्याला चौथा हिस्सा नाही तर पूर्ण वेळ 40 मिलिअँपिअर मिळायला लागले, चांगलाच लालभडक. बऱ्याच छोट्या डिस्प्लेला सतत 20-25 च्या वर झेपत नाही, म्हणून मी आधी सप्लाय काढला आणि मग ओरडलो. मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम अडकला की हेच होतं. दुकानात असा काटा आला की एक आकडा झगझगीत आणि बाकीचे काळे, तर मी डिस्प्लेकडे बघत पण नाही, आधी मायक्रोकंट्रोलरला क्लॉक देणारा क्रिस्टल तपासतो.