धावून आल्यावर उंची कमी का भरते?

पहाटे उठल्या उठल्या उंची मोजली आणि वीसेक किलोमीटर धावून येऊन पुन्हा मोजली, तर ती सेंटीमीटरभर, कधी त्याहूनही जास्त कमी भरते. पण हा सगळा दोष धावण्याचा नाही. घरी बसून राहिलेल्या माणसाचीही दिवसभरात सुमारे एक टक्का उंची घटते, आणि त्यातली जवळपास निम्मी घट अंथरुणातून उठल्यानंतरच्या पहिल्या तासात होते. धावण्याचा वाटा हवा असेल, तर न धावलेल्या दिवशी त्याच वेळांना मोजून तेवढी घट वजा करावी लागते.

घट होते ती मणक्यांमधल्या गाद्यांत. मानेपासून कमरेपर्यंत अशा 23 गाद्या असतात. प्रत्येकीत बाहेर चिवट तंतूंची कडी आणि आत बहुतांश पाण्याचा मऊ गर. भार आला की गरातलं पाणी हळूहळू बाहेर झिरपतं आणि गादी थोडी बसते. दिवसभरात 19 मिलिमीटर उंची गेली, तरी एका गादीच्या वाट्याला मिलिमीटरही येत नाही. पाणी कमी होईल तसा उरलेला गर दाट होतो आणि पाणी अधिक जोराने धरून ठेवतो. म्हणून घट सुरुवातीला झपाट्याने होते, मग मंदावते.

भार किती पडतो? जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत सेन्सर बसवून दाब मोजला गेला. 1999 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. उताणं झोपल्यावर सुमारे 0.1 मेगापास्कल, उभं राहिल्यावर 0.5, आणि पाठ वाकवून 20 किलो उचलताना 2.3. पाठ न टेकता बसल्यावर मात्र दाब उभ्याच्या तुलनेत फारसा उतरत नाही. म्हणजे तासन् तास ओझी वाहणाऱ्याच्या गाद्या मध्ये नुसतं असं बसून भरत नाहीत. त्याला आडवंच व्हावं लागतं.

उताणं पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या, गुडघे आणि नितंबाचे सांधे काटकोनात. कमरेवरचा ताण सैल पडतो आणि गर पाणी परत ओढू लागतो. इथेही वेग सुरुवातीलाच जास्त, त्यामुळे वीसेक मिनिटांतही फरक पडतो. पूर्ण भरपाईला मात्र रात्रीची झोप लागते, आणि तिच्यातही बहुतेक उंची पहिल्या अर्ध्या रात्रीतच परत येते.

भिंतीवरच्या पेन्सिलखुणेवर फार विसंबू नका. हनुवटी जराशी वर-खाली झाली, श्वास कमी-जास्त भरला, तरी काही मिलिमीटर इकडचे तिकडे होतात. टाचेखालची चरबीही उभं राहिल्यावर दबते. अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर, दोन-तीन मिनिटं उभं राहून, तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

सकाळची उंचीच वर्षांगणिक उतरत असेल, तर तो वेगळा प्रकार. तरुणपणापेक्षा चार सेंटीमीटरच्या आसपास घट झाली असेल, तर हाडं ठिसूळ होऊन मणका दबला आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.