राउटरच्या यादीत अनोळखी उपकरण दिसल्यास किती काळजी करावी

राउटरच्या पानावरील जोडलेल्या उपकरणांच्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवून, "यातले हे एक आमचे नाही, कोणी शिरले आहे का?" असे आमचे अनेक ग्राहक विचारतात. ही शंका रास्त आहे. मात्र केवळ यादी पाहून तिचे उत्तर देता येत नाही.

चोपड्याजवळील एका ग्राहकांनी आखाजीनंतर असाच स्क्रीनशॉट पाठवला होता. यादीत नऊ ओळी होत्या आणि घरात उपकरणे आठच होती. नवव्या ओळीत नावाच्या जागी `Unknown` आणि पुढे `D6` ने सुरू होणारा मॅक पत्ता होता. मॅक पत्ता म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखण्याची खूण; त्यात अक्षर-अंकांच्या सहा जोड्या असतात. पहिल्या जोडीतील दुसरे चिन्ह 2, 6, A किंवा E असेल, तर तो पत्ता बहुधा कंपनीने दिलेला नसून फोनने स्वतः तयार केलेला असतो. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून आणि 2020 च्या आयओएस 14 पासून फोन माग लागू नये म्हणून असा बदललेला पत्ता वापरतात, त्यामुळे घरचाच फोनही यादीत परका दिसू शकतो. परंतु परक्या माणसाचा फोनही हेच करतो, म्हणून एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये.

आम्ही त्यांना घरातील प्रत्येक फोनचे वाय-फाय आळीपाळीने बंद करून यादी ताजी करायला सांगितले; ती ओळ तशीच राहिली. मग आखाजीला माहेरी येऊन आदल्या दिवशी सुरतेला परतलेल्या मुलीला त्यांनी फोन केला. तिने सेव्ह केलेल्या नेटवर्कच्या तपशिलातील पत्ता वाचून दाखवला आणि सहाही जोड्या जुळल्या. फोन घराबाहेर गेला, तरी राउटरने त्याला दिलेल्या आयपी पत्त्याची मुदत, जी अनेकदा 24 तासांची असते, संपेपर्यंत काही राउटर ती ओळ दाखवत राहतात. त्यामुळे आधी राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि मगच यादी वाचावी. `ESP_` ने सुरू होणारे नाव असल्यास घरातील स्मार्ट बल्ब किंवा स्मार्ट प्लग तपासावा, कारण अशा वस्तूंमध्ये त्या नावाची चिप बरीच आढळते.

राउटर पुन्हा सुरू केल्यावरही ती ओळ परत आली आणि घरातले किंवा पाहुण्यांपैकी कोणाचेच उपकरण जुळले नाही, तर मात्र ते परके मानावे. तो माणूस आपला डेटा वापरतोच, शिवाय त्याने इंटरनेटवर केलेल्या गोष्टीचा माग आपल्या जोडणीपर्यंत येतो. अशा वेळी केवळ ते उपकरण ब्लॉक करणे पुरत नाही, कारण ते नवा पत्ता घेऊन परत येऊ शकते. वाय-फायचा पासवर्ड बदलावा, राउटरच्या पानाचा पासवर्ड, जो पुष्कळ घरांत स्टिकरवरचाच राहिलेला असतो, तोही बदलावा आणि पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने उपकरण जोडू देणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद करावी. त्यानंतर घरची उपकरणे एकेक करून पुन्हा जोडावीत. नवा पासवर्ड कोणालाही दिलेला नसताना ती ओळ पुन्हा दिसली, तर आम्हाला लगेच कळवावे. स्क्रीनशॉट पाठवताना त्यात पासवर्ड दिसत असल्यास तो झाकून पाठवावा.