व्हीपीएन चालू असलं तरी पडदा उघडाच

“घरून काम करताना व्हीपीएन लावलंय, मग ग्राहकांची माहिती सुरक्षितच ना?”

वाटेपुरतीच. लॅपटॉपपासून ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत माहिती कुलूपबंद जाते, त्यामुळे घरच्या वायफायवर दुसरं कुणी ती मधे वाचू शकत नाही. पडद्यावर उमटलेलं मात्र व्हीपीएन झाकत नाही.

आमच्याच टीममधला प्रसंग. सहकारी मीटिंगमध्ये एक्सेल दाखवत होता, शेअर करताना त्याने `Entire Screen` निवडलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यात मेलची सूचना आली: ग्राहकाचं नाव, मोबाइल नंबर, थकलेला हप्ता. काही सेकंदांत ती गेली, पण मीटिंग रेकॉर्ड होत होती आणि रेकॉर्डिंगची लिंक बाहेरच्या व्हेंडरलाही जाणार होती. ते रेकॉर्डिंग काढून टाकावं लागलं. मला अजूनही त्या ग्राहकाबद्दल वाईट वाटतं.

म्हणून शेअर करताना `Window` निवडा, म्हणजे फक्त तीच खिडकी जाते. शिवाय आधी `Do not disturb` लावा. जागेवरून उठताना, घरीसुद्धा, `Win + L` दाबून स्क्रीन लॉक करा. एवढं करूनही त्याच खिडकीत दुसऱ्या ग्राहकाची नोंद उघडलीत, तर ती सगळ्यांना दिसणारच. दाखवण्यासाठी बनावट नावांची वेगळी फाइल ठेवा.