डॉक्टर, सर्जन आणि मानव : तीन वर्तुळांच्या मागचा इतिहास

मध्य प्रदेशातल्या स्पर्धा परीक्षांच्या तर्कशक्तीच्या पेपरात हा प्रश्न ठरलेला आहे. तीन वर्ग दिलेले असतात आणि चार आकृत्यांतून त्यांना लागू पडणारी निवडायची असते. डॉक्टर, सर्जन, मानव हे त्यातले सर्वांत घासलेले त्रिकूट. उत्तर सगळ्यांना पाठ असते: मानवाच्या वर्तुळात डॉक्टर, डॉक्टरांच्या वर्तुळात सर्जन. इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या कोणत्याही क्लासमध्ये हे काही सेकंदांत सुटते. पण वैद्यकीचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे उत्तर आपोआप खरे झालेले नाही असे दिसते. ते खरे व्हायला कायदा बदलावा लागला.

वर्तुळांनी वर्गांचे नाते दाखवण्याची पद्धत प्रसिद्ध केली ती एका स्विस गणितज्ञाने, १७६० ते १७६२ या काळात एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांतून. वर्ग आतला असेल तर वर्तुळ आत, संबंध नसेल तर वर्तुळ वेगळे, काही भाग सामाईक असेल तर छेदणारे. पुढे १८१० च्या दशकात एका फ्रेंच गणितज्ञाने दोन वर्गांमधली शक्य नाती मोजली आणि ती पाचच निघाली: दोन्ही एकच, पहिला दुसऱ्यात, दुसरा पहिल्यात, एकमेकांना छेदणारे आणि पूर्ण वेगळे. केंब्रिजच्या ज्या अध्यापकाचे, जॉन व्हेनचे, नाव आज या आकृत्यांना चिकटले आहे, त्याचा लेख १८८० चा. त्याची रीत याहून वेगळी होती. तो तिन्ही वर्तुळे नेहमी एकमेकांना छेदणारीच काढी, त्यामुळे आत सात आणि बाहेर एक असे आठ भाग पडत. मग जो भाग रिकामा आहे तो छायांकित करायचा.

आपले त्रिकूट त्या रीतीने काढून पाहण्यासारखे आहे. फक्त सर्जन, फक्त डॉक्टर, मानव नसलेला सर्जन-डॉक्टर आणि डॉक्टर नसलेला मानव-सर्जन, हे चार भाग काळे होतात. आतल्या सातांपैकी तीन उघडे राहतात: नुसते मानव, मानव-डॉक्टर, आणि तिन्ही असलेले. परीक्षेत जे एकात एक वर्तुळ येते ते याच तीन उघड्या भागांचे चित्र आहे, म्हणजे रीत स्विस गणितज्ञाची आणि नाव केंब्रिजच्या अध्यापकाचे. परीक्षार्थीला हा फरक उपयोगी पडतो, कारण आकृती निवडणे म्हणजे कोणता भाग रिकामा आहे हे ठरवणे. 'डॉक्टर नसलेला मानव-सर्जन' हा भाग रिकामा आहे असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? सगळा वाद त्या एका भागाचा आहे.

इंग्लंडमध्ये १५४० पासून १७४५ पर्यंत न्हावी आणि शस्त्रक्रिया करणारे एकाच मंडळात होते. शस्त्रक्रिया उमेदवारी करून शिकायची, विद्यापीठात नव्हे. डॉक्टर म्हणजे विद्यापीठाची पदवी घेतलेला, नाडी पाहून औषध लिहून देणारा. रुग्णाच्या अंगाला सुरी लावणे हे त्याचे काम मानले जात नसे. दोघांची वर्तुळे जवळजवळ वेगळीच होती. तिकडचे सर्जन आजही नावामागे 'डॉक्टर' न लावता 'मिस्टर' लावतात, ते त्याच काळामुळे. म्हणजे राजकन्येला पत्रे लिहिली जात होती तेव्हा हाच प्रश्न लंडनमध्ये कोणी घातला असता, तर मानवाच्या मोठ्या वर्तुळात दोन सुटी वर्तुळे हे उत्तर बरोबर ठरले असते.

ते वेगळेपण मोडले १८८६ च्या ब्रिटिश कायद्याने. नोंदणी हवी असेल तर वैद्यक, शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र या तिन्हींत उत्तीर्ण व्हावे लागेल, असे त्याने ठरवले. आपल्याकडे जी एमबीबीएस पदवी आहे तिच्यात दोन पदव्या एकत्र आहेत, वैद्यकाची आणि शस्त्रक्रियेची, हे बरेच जण विसरतात. इथे गाठ पडते. पदवीच्या शब्दांवर बोट ठेवले तर प्रत्येक एमबीबीएस सर्जनच, आणि दोन्ही वर्तुळे एकावर एक बसतात. परीक्षा हा अर्थ घेत नाही. तिचा 'सर्जन' म्हणजे शस्त्रक्रियेत पुढचे शिक्षण घेऊन ते काम करणारा. हा अर्थ प्रश्नात लिहिलेला नसतो, गृहीत असतो, आणि माझ्या मते अशा प्रश्नांतला खरा दोष तोच आहे.

मराठी घरांतून एक शंका वरचेवर येते. रामबागेतल्या एका मुलीने मांडली होती: "काका सिव्हिल सर्जन होते, पण ते मेडिसिनवाले, ऑपरेशन कधी केलंच नाही. मग दोन वर्तुळं एकमेकांना छेदायला नकोत का?" शंका हुशारीची आहे. जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखाचे हे पदनाम ब्रिटिश अमदानीतून आले आहे आणि त्या खुर्चीवर फिजिशियन बसू शकतो. पण छेदणाऱ्या वर्तुळांसाठी पुरावा दुसराच लागतो. शस्त्रक्रिया न करणारा डॉक्टर सापडला, तर डॉक्टरांचे वर्तुळ मोठे आहे एवढेच सिद्ध होते. छेद दाखवायला डॉक्टर नसलेला सर्जन हवा. काका सर्जन नसले तरी डॉक्टर होतेच. त्यांना पदनामाने सर्जन मोजले तरी ते आतल्या वर्तुळातच पडतात. दोन्ही प्रकारे आकृती तीच राहते.

डॉक्टर नसलेल्या सर्जनाचा प्रश्न अगदी अलीकडे पुन्हा उभा राहिला. नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या शल्य म्हणजे शस्त्रक्रियेच्या आणि शालाक्य म्हणजे डोळे, कान, नाक, घशाच्या शाखांतल्या पदव्युत्तरांना ५८ शस्त्रक्रियांची यादी अधिकृतपणे लिहून मिळाली, आणि ११ डिसेंबरला देशभर ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी काम बंद ठेवले. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात न शिरता आकृतीपुरते सांगता येईल ते असे: 'डॉक्टर' म्हणजे फक्त आधुनिक वैद्यकाचा पदवीधर धरला, तर शल्यतंत्राचा एमएस झालेला वैद्य सर्जन असूनही डॉक्टरांच्या बाहेर पडतो आणि छेदणारी वर्तुळे बरोबर ठरतात. 'डॉक्टर' म्हणजे कोणत्याही मान्य पद्धतीचा नोंदणीकृत चिकित्सक धरला, तर तो आतच राहतो. मला दुसरा अर्थ योग्य वाटतो, कारण इंदूरचा कोणताही रुग्ण त्या वैद्याला डॉक्टरसाहेबच म्हणतो आणि परीक्षेचे प्रश्न बोलीतल्या अर्थावर चालतात. दातांच्या डॉक्टरांनाही हेच लागू आहे. त्यांच्या तर पदवीतच शस्त्रक्रिया आहे.

त्यामुळे पेपर सोडवताना क्रम असा ठेवावा. आधी एकेक जोडी घ्यावी आणि विचारावे, पहिल्यातला दुसऱ्याबाहेरचा एक तरी दाखवता येतो का? सर्जन-डॉक्टर: नाही. डॉक्टर-मानव: नाही. इथेच थांबावे, कारण सर्जन-मानव हे नाते या दोहोंतून आपोआप निघते. मग उलट दिशा पाहावी: सर्जन नसलेला डॉक्टर आहे, डॉक्टर नसलेला मानव आहे, म्हणून कोणतीच दोन वर्तुळे एकावर एक बसत नाहीत. वर्तुळांच्या आकारमानाला अर्थ नाही. आतले वर्तुळ इवलेसे काढले म्हणून सर्जन थोडे ठरत नाहीत.

मानवाऐवजी 'स्त्रिया' घातले की मात्र आतली जोडी तशीच राहून तिसरे वर्तुळ आडवे येते. पर्यायांत सहसा दोन आकृत्या जवळजवळ सारख्या असतात. एकीत स्त्रियांचे वर्तुळ फक्त बाहेरच्या डॉक्टरांना कापते, दुसरीत ते सर्जनांच्या वर्तुळातूनही जाते. पहिली आकृती निवडली तर एकही स्त्री सर्जन नाही असे विधान केल्यासारखे होते, म्हणून दुसरी.