मुरुमांची गोळी मलमाशिवाय का देत नाहीत

‘गोळी आतून काम करते, मग वरून मलम कशाला? आणि चेहरा चांगला आहे तोवर ती चालू ठेवली तर काय बिघडतं?’

ही गोळी म्हणजे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक. ती जंतू आणि सूज कमी करते, पण त्वचेची छिद्रं बुजणं थांबवत नाही. ते काम अडापलीन जेलचं. गोळीला दाद न देणारे चिवट जंतू उरतात आणि वाढतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड हे वरून लावायचं औषध त्यांनाही मारतं, कारण त्याला जंतू सरावत नाहीत.

ठाण्यात आमच्याकडे आलेली ऐरोलीची एक मुलगी जुन्या चिठ्ठीवर आठ महिने नुसती गोळी घेत होती. आधी चेहरा निवळला, मग गोळी चालू असतानाच मुरुमं परतली. अशा वेळी जंतू गोळीला दाद देईनासे झाले, म्हणजे प्रतिकाराची शंका घ्यावीच लागते. गोळी थांबवली. रात्री अडापलीन, सकाळी 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड सुरू केलं. (त्याने टॉवेल, उशीचे अभ्रे विटतात, हे आधीच सांगते.)

गोळीचा फरक दिसायला 6 ते 8 आठवडे लागतात. साधारण 12 आठवड्यांनी ती थांबवायची, जेल मात्र पुढेही लावायचं. मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: लांबलेल्या गोळीने घशातले, आतड्यातले जंतूही प्रतिकार शिकतात.