प्रथम-क्रम फिल्टरचे संक्रमण फलन

ज्या परिपथाच्या संक्रमण फलनाच्या छेदात s चा फक्त पहिला घात येतो, त्याला प्रथम-क्रम फिल्टर म्हणतात. एक रोधक आणि एक धारित्र किंवा एक रोधक आणि एक प्रवर्तक, एवढ्यावर तो उभा राहतो. संक्रमण फलन म्हणजे s च्या परिभाषेत मांडलेले निर्गत व आगत संकेतांचे गुणोत्तर. निम्नपार फिल्टरसाठी त्याचे प्रमाणित रूप असे :

H(s) = K / (1 + s/ωc)

येथे K ही शून्य वारंवारतेवरची लब्धी आणि ωc ही कटऑफची कोनीय वारंवारता होय. उच्चपार फिल्टरमध्ये अंशात K ऐवजी K·s/ωc येते आणि K ही अतिउच्च वारंवारतेवरची लब्धी ठरते. छेद तोच राहत असल्याने ωc काढण्याची रीतही तीच.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या कल्पनेचे मूळ एका व्यक्तीकडे नेणे कठीण आहे. ऑलिव्हर हेविसाइड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकलनाच्या क्रियेला p हे चिन्ह देऊन परिपथांची समीकरणे बीजगणिताप्रमाणे सोडवली. अनेक लेखक याच पद्धतीला संक्रमण फलनाचे आद्य रूप मानतात. लाप्लास रूपांतराचा भक्कम गणिती आधार तिला नंतर मिळाला, आणि s हे चिन्ह त्या परंपरेतले आहे. जी. ए. कॅम्बेल व के. डब्ल्यू. वाग्नर यांचे १९१५च्या सुमाराचे फिल्टर बहुधा पहिले विद्युत् फिल्टर म्हणून सांगितले जातात; पण त्यांत प्रवर्तक व धारित्रांच्या साखळ्या होत्या, त्यामुळे प्रथम-क्रम फिल्टरचा उगम तेथे शोधणे फारसे योग्य नाही. आज रूढ असलेली लघुगणकी आलेखांची पद्धत हेन्ड्रिक बोडे यांच्या नावाने ओळखली जाते. बेल प्रयोगशाळेतील त्यांचे हे काम मुख्यतः १९३०च्या दशकातले आहे.

कटऑफची व्याख्या : येथे दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार, निर्गत शक्ती पारपट्ट्यातील शक्तीच्या निम्मी होते ती कटऑफ वारंवारता. तेथे व्होल्टता १/√२ पट, म्हणजे सुमारे ०.७०७ पट उरते आणि क्षीणन ३.०१ डेसिबल होते. व्यवहारात हा आकडा ३ असाच बोलला जातो. दुसऱ्या मतानुसार, छेद ज्या s ला शून्य होतो तो ध्रुव पाहावा आणि त्याचे मूळबिंदूपासूनचे अंतर ही कटऑफची कोनीय वारंवारता मानावी. बोडे आलेखात आडवी आणि उतरती सरळ रेषा याच बिंदूवर एकमेकींना मिळतात.

एकट्या प्रथम-क्रम फिल्टरमध्ये दोन्ही व्याख्या एकच उत्तर देतात, म्हणून हा फरक सहसा जाणवत नाही. दोन सारखे फिल्टर मध्ये बफर ठेवून एकापाठोपाठ जोडले की तो उघड होतो. ध्रुव जागचे हलत नाहीत, पण त्या वारंवारतेवर आता क्षीणन ६.०२ डेसिबल असते. निम्म्या शक्तीचा बिंदू खाली सरकून मूळ वारंवारतेच्या सुमारे ०.६४४ पटीवर येतो. मोजमापासाठी पहिली व्याख्या सोयीची आहे. फलन वाचायचे असेल तर मात्र दुसरी अधिक उपयोगी पडते, कारण ती थेट छेदातून मिळते.

वाचनाची रीत : एक उदाहरण घेऊ. दिलेले फलन असे आहे :

H(s) = 5000 / (s + 10000)

छेदातील स्थिर पद १ नाही, म्हणून अंश व छेद दोन्हींना १०,००० ने भागावे. उरते ते 0.5 / (1 + s/10000). यावरून K = ०.५ आणि ωc = १०,००० रेडियन प्रति सेकंद. अंशातील ५,००० ही कटऑफ नव्हे. घाईत तीच उचलली जाते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे १०,००० ला हर्ट्झ समजणे. हर्ट्झमधील उत्तरासाठी २π ने भागावे लागते :

fc = 10000 / 2π ≈ 1592 Hz

आता ५ किलोहर्ट्झवरचे क्षीणन पाहू. s च्या जागी jω ठेवून परिमाण काढले की पारपट्ट्याच्या तुलनेतील क्षीणनाचे सूत्र मिळते :

A = 10·log10(1 + (f/fc)²)

f/fc चे मूल्य ३.१४२, त्याचा वर्ग ९.८७, त्यात १ मिळवून १०.८७. उत्तर १०.३६ डेसिबल. वर्गमूळ आधी काढले असेल तर लघुगणकाला २० ने गुणावे, नसेल तर १० ने. दोन्हींची सरमिसळ झाली की उत्तर दुप्पट किंवा निम्मे येते. आगताच्या तुलनेत क्षीणन हवे असेल तर K मुळे होणारी ६.०२ डेसिबलची घट मिळवावी लागते, मग एकूण १६.३८ डेसिबल होते. ‘क्षीणन किती’ या प्रश्नाला म्हणूनच ‘कशाच्या तुलनेत’ हे जोडलेले असावे.

अंदाजासाठी उतरती सरळ रेषाही चालते. वारंवारता दहापट झाली की २० डेसिबल, दुप्पट झाली की सुमारे ६ डेसिबल. कटऑफवर या अंदाजात ३ डेसिबलची चूक असते, दुपटीवर ती सुमारे १ डेसिबलवर येते आणि दहापटीवर नगण्य होते.

भाराचा परिणाम : वरचे फलन मनाने घेतलेले नाही. १० किलोओहमचा रोधक, २० नॅनोफॅरडचे धारित्र आणि धारित्राला समांतर १० किलोओहमचा भार, या परिपथाचेच ते फलन आहे. भार काढला तर फलन 5000 / (s + 5000) होते, म्हणजे लब्धी १ आणि कटऑफ ७९६ हर्ट्झ. भार जोडल्याने कटऑफ दुप्पट झाली, कारण धारित्राला दिसणारा रोध दोन रोधकांच्या समांतर जोडणीमुळे ५ किलोओहमवर आला. केवळ 1/(2πRC) वापरून, R म्हणून एकसर जोडलेला रोधक घेतला, तर हा बदल निसटतो.

५ किलोहर्ट्झवर मात्र बिनभाराचे क्षीणन १६.०७ डेसिबल आहे, भारासहित आगताच्या तुलनेतील १६.३८ च्या अगदी जवळ. कटऑफच्या बऱ्याच वर छेदात s वरचढ ठरतो आणि दोन्ही फलने ५,०००/s कडे झुकतात. त्यामुळे फक्त उच्च वारंवारतेवर मोजमाप केले तर भाराचा परिणाम लक्षात येत नाही. तो ओळखायचा तर कमी वारंवारतेवरची लब्धी आधी मोजावी. ती १ ऐवजी ०.५ आली की कारण उघड होते. कला पाहूनही पडताळा घेता येतो, कारण निम्नपार फिल्टरचे निर्गत कटऑफवर आगताच्या ४५ अंश मागे असते. पायरीसारखा व्होल्टता-बदल दिला तर याच भारासहित परिपथाचे निर्गत ०.१ मिलिसेकंदात, म्हणजे 1/ωc एवढ्या काळात, अंतिम मूल्याच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचते.

मर्यादा : सूत्राप्रमाणे क्षीणन अमर्याद वाढत जाते. प्रत्यक्षात धारित्राच्या तारांचे व पट्ट्यांचे प्रवर्तन त्याच्या स्व-अनुस्पंदनाच्या वर प्रभावी होते आणि तेथून क्षीणन पुन्हा घटू लागते. त्या भागात प्रथम-क्रम फलन लागू होत नाही.